लुम म्हणजे हो का?

कोपरखैरण्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी मुलं जमायची. हॉल कसला, एका बाजूला गणपतीच्या मंडपाचे बांबू, दुसऱ्या बाजूला पाय मोडलेला कॅरमबोर्ड आणि मधल्या जागेत सतरंज्या. भिंतीला टेकवलेल्या फळ्यासमोर अब्दुर्रहमान परकार सर उभे असत. शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर रविवारचं हे कोड्यांचं वेड तेवढं त्यांनी ठेवलं. फी नव्हती, परीक्षा नव्हती, हजेरीही नव्हती. ज्याला यायचं त्याने यावं.

सर मूळचे म्हसळ्याकडचे. अंगाने सडपातळ, दाढी बारीक कातरलेली, सदरा नेहमी पांढरा. फळा पुसायला डस्टर समोर असलं तरी ते खिशातला रुमाल काढत, आणि घरी गेल्यावर त्यांच्या बायकोला, खुर्शीदचाचीला, तो रुमाल पाहून दर रविवारी नव्याने राग येई. शिकवताना त्यांचा एक नियम होता. मुलाचं उत्तर कितीही वेडंवाकडं असलं तरी ते "चूक" म्हणत नसत. म्हणत, "करून बघू या." मग मुलांनाच उभं करत, कुणाला होडी करत, कुणाला लांडगा, कुणाला शेळी, आणि ते उत्तर सगळ्यांसमोर चालवून दाखवत. चुकीचं उत्तर आपोआप अडखळून पडे. मूल हसत हसत खाली बसे.

जागृती त्यांच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा सातवीत होती. तळवली गावातली आगरी घरातली मुलगी. घरात शिक्षणाला विरोध नव्हता, पण कोड्यांसाठी रविवार घालवायचा हे तिच्या आईला पटत नसे. "गनिताच्या सरांना काय दुसरा काम नाय? रविवारी पन पोरांना बोलवतान," ती कुरकुरायची, आणि तरीही तिच्यासोबत सरांना वाळवलेली सुकट बांधून द्यायची.

त्या वर्षी सरांनी तिला एक कोडं दिलं. ते असं होतं.

एका बेटावर दोन भाऊ राहतात. एक नेहमी खरं बोलतो, दुसरा नेहमी खोटं. दिसायला दोघे सारखे. आपली भाषा त्यांना नीट कळते, पण उत्तर ते त्यांच्याच भाषेत देतात. त्या भाषेतले दोनच शब्द आपल्या कानावर आलेत, 'लुम' आणि 'टिक'. एकाचा अर्थ हो, एकाचा नाही. कुठला कशाचा, ते आपल्याला ठाऊक नाही. दोघांपैकी एकालाच, एकच प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर हो किंवा नाही असंच येईल. आणि खरं बोलणारा भाऊ कोणता ते ओळखायचं.

जागृतीने ते कोडं घरी नेलं. जेवताना, भांडी घासताना, शाळेच्या वाटेवर ते तिच्यासोबत होतं. शेवटी एका रविवारी ती धापा टाकत आली आणि म्हणाली, "सर, त्याला विचारायचं, 'तू खरं बोलतोस का, असं मी तुला विचारलं तर तू लुम म्हणशील का?' तो लुम म्हणाला तर तोच खरा. टिक म्हणाला तर दुसरा."

सरांनी करून बघितलं. उत्तर बरोबर होतं. सरांच्या चेहऱ्यावर मोठा आनंद पसरला, पण ते म्हणाले, "झकास. आता हाच प्रश्न लहान कर. अगदी लहान. तीन-चार शब्दांत मावेल एवढा."

पुढच्या रविवारी तिने तो लहान केला. "लुम म्हणजे हो का?" एवढाच. सरांनी तेव्हा खडू खाली ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. जागृतीला पुढे गणितात पदवी मिळाली, वाशीच्या एका कॉलेजात नोकरी लागली, लग्न होऊन ती घणसोलीला राहायला गेली, पण तशा टाळ्या पुन्हा कुणी वाजवल्या नाहीत असं ती सांगे. नोकरी लागल्यानंतर ती रविवारी सरांच्या मदतीला येऊ लागली. मुलांना पाणी देणं, गोंगाट आवरणं, सर थकले की एखादं कोडं घेणं.

गेल्या वर्षी हिवाळ्यात सरांनी तेच कोडं फळ्यावर लिहिलं. जागृती मागे भिंतीला टेकून बसली होती. जुन्या ओळखीचं माणूस भेटावं तसं तिला वाटलं.

मुलांनी नेहमीसारखी धडपड सुरू केली. रोहन म्हणाला, "सोपं आहे सर! त्याला विचारायचं, तू खरं बोलतोस का?"

"दोघंही होच म्हणतील," सर म्हणाले. "खरा खरं म्हणून, खोटा खोटं म्हणून."

कुंदन म्हणाला, "मग दोन अधिक दोन चार का, असं विचारू. खरा हो म्हणेल, खोटा नाही म्हणेल."

"आणि तो लुम म्हणाला तर ते हो की नाही, हे तुला कोण सांगणार?"

मुलं हसली. सर रंगात होते. तेव्हा क्षिप्राने हात वर केला. क्षिप्रा नववीतली, बोलायला बुजरी. तिचे वडील ज्योतिबा रबाळ्याच्या एका कारखान्यात मशीनवर होते, घरची माणसं मूळची साताऱ्याकडची. ती महिन्यातून एखादाच शब्द बोले. ती उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "सर, लुम म्हणजे हो का, असं विचारलं तर?"

जागृती सावरून बसली. आता सर खडू ठेवतील, तिला वाटलं.

"चूक," सर म्हणाले.

हा शब्द तिथे कुणी कधी ऐकला नव्हता.

"तू शब्दाबद्दल विचारलंस," सर म्हणाले. "माणसाबद्दल काहीच विचारलं नाहीस. उत्तर आल्यावर लुमचा अर्थ तरी कळतो का? नाही कळत. मग उपयोग काय?"

"पण सर, अर्थ नाही कळला तरी..." क्षिप्रा म्हणाली आणि थांबली.

"तरी काय?" सर फळ्याकडे वळले. "बघ. समज, तो खरा आहे आणि लुम म्हणजे हो. मग तो म्हणेल लुम." त्यांनी लिहिलं. "आता समज, तो खरा आहे आणि लुम म्हणजे नाही. मग तो म्हणेल... लुम म्हणजे नाही, तर तो..." खडू फळ्यावर टेकलेला राहिला. त्यांनी पहिली ओळ पुन्हा वाचली. रुमालाने पुसली. परत तीच ओळ लिहिली. "तो खरा आहे. लुम म्हणजे..." ते वळले आणि एकदम चढ्या आवाजात म्हणाले, "मोबाईलवर बघून येता आणि इथे बडबडता! स्वतःचं डोकं चालवायला नको कुणाला!"

क्षिप्राच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती उभीच होती, बसायचं की नाही हे तिला कळत नव्हतं.

जागृतीला तो क्षण पुढे कितीदा तरी आठवला. गप्प बसली असती तर सरांचा मान राहिला असता आणि त्या मुलीचं बरोबर उत्तर तिच्याच डोळ्यांदेखत मेलं असतं. ती उठली आणि तिला सुचलं तेवढंच बोलली. "सर, करून बघू या?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग मान डोलावली.

तिने रोहनला मध्ये उभं केलं. म्हणाली, "रोहन, तू खरा. आणि तुझ्या भाषेत लुम म्हणजे हो. क्षिप्रा, विचार त्याला."

"लुम म्हणजे हो का?" क्षिप्राने नाक पुसत विचारलं.

"हो आहे, म्हणजे मी हो म्हणणार," रोहन म्हणाला. "लुम."

"आता तू खराच, पण लुम म्हणजे नाही."

रोहनने जरा विचार केला. "मग खरं उत्तर नाही. आणि नाही म्हणजे... लुमच की! लुम!"

"आता तू खोटा. लुम म्हणजे हो."

"खरं उत्तर हो. पण मी खोटं बोलणार, म्हणजे नाही. टिक."

"आणि खोटाच, पण लुम म्हणजे नाही."

"खरं उत्तर नाही. मी म्हणणार हो. हो म्हणजे टिक. टिक!"

कुंदन ओरडलाच, "खरा असला की लुम, खोटा असला की टिक! अर्थ काही का असेना!"

मुलांनी टाळ्या वाजवल्या, मग सरांकडे पाहून वाजवायच्या थांबवल्या. सर कॅरमबोर्डाच्या कडेवर बसले होते. हातातल्या खडूचे त्यांनी दोन तुकडे केले होते. थोड्या वेळाने त्यांनी अगदी साध्या कुतूहलाने विचारलं, "छान आहे हे. हे कोडं कुणी आणलं?"

फळ्यावरचं अक्षर त्यांचंच होतं.

मुलं गेल्यावर ती त्यांना घरी सोडायला गेली. दोन गल्ल्यांचं अंतर. खुर्शीदचाचीने दार उघडलं, जागृतीचा चेहरा पाहिला आणि तिला सरळ स्वयंपाकघरात नेलं.

"कळला तुला," चाची म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"चाची, कधीपासून?"

"रमझानच्या आधीपासून." चाचीने गॅसकडे बोट दाखवलं. शेगडीचं बटण तिने काढून डब्यात ठेवलं होतं. "दूध ठेवतात आणि निघून जातात. मशिदीतून येताना परवा शेजारच्या गल्लीत शिरले, दुसऱ्याचं दार वाजवत बसले. आमच्या मुलीचा फोन आला की मला खुणेने विचारतात, कोण? मी हळूच नाव सांगते. मग असे बोलतात की तिला शंका पण येत नाही."

"डॉक्टरला?"

"रविवार बंद करा म्हणतील गो डॉक्टर," चाची म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. "शनिवारपासून त्यांच्या अंगात जीव येतो. ते पण काढून घेऊ?"

तरीही वाशीच्या डॉक्टरकडे जावं लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि गोळ्यांनी फार काही होणार नाही हेही शांतपणे सांगितलं. सर ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, "हळूहळू की एकदम?" डॉक्टर म्हणाले, हळूहळू. सर म्हणाले, "मग ठीक आहे. काही कामं उरकता येतील."

त्या संध्याकाळी त्यांनी जागृतीला बोलावून घेतलं. बाल्कनीत दोन खुर्च्या टाकल्या होत्या.

"त्या दिवशी काय झालं ते मला नीट आठवत नाही," ते म्हणाले. "खुर्शीद सांगते, काही नाही झालं. ती माझ्यासाठी खोटं बोलते. तू नको बोलूस. मी त्या मुलीला रडवलं का?"

जागृतीला वाटलं, नाही म्हणावं. एवढंसं 'नाही', त्याने कुणाचं काय जाणार होतं? पण ते तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"हो सर," ती म्हणाली. "तिचं उत्तर बरोबर होतं. तुम्ही चूक म्हणालात."

सरांनी बराच वेळ समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे पाहिले. "चूक म्हणालो," ते पुटपुटले. "बरं झालं सांगितलंस."

पुढचे काही दिवस त्यांनी त्या एकाच कोड्यावर घालवले. चाची सांगे, सकाळी नमाज झाली की टेबलावर चार वाट्या मांडायचे. दोन वाट्यांत साखर, दोन वाट्यांत मीठ. साखर म्हणजे खरा, मीठ म्हणजे खोटा. मधेच विसरायचे, वाटीत बोट बुडवून चाखायचे, परत पहिल्यापासून सुरू करायचे. एकदा सगळं मीठ जमिनीवर सांडलं, तर लहान मुलासारखे रडले. मग उठून परत मांडलं.

आणि एका संध्याकाळी ते जागृतीला घेऊन क्षिप्राच्या घरी गेले. बैठ्या घरांची ती ओळ, पुढे तुळस, दारात चपला. सर आलेले पाहून तिचे वडील ज्योतिबा गडबडून उठले, लुंगीवरच होते, आत पळाले आणि पँट चढवून आले. क्षिप्राची आजी गोजरा दारात येऊन म्हणाली, "या की मास्तर, आत या. पोरीनं काय खोडी काढली का?"

"खोडी मी काढली," सर म्हणाले. "तिची माफी मागायला आलोय."

क्षिप्रा आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. सर तिच्याकडे वळले आणि सावकाश बोलू लागले. अंधारात पाय चाचपून ठेवावा तसा एकेक शब्द.

"बाळ, मी तुला म्हणालो की लुमचा अर्थ कळत नाही, मग उपयोग काय. ते माझं चुकलं. आपल्याला अर्थ हवाच नव्हता. आपल्याला माणूस हवा होता. खऱ्या माणसाला विचारलं, लुम म्हणजे हो का. लुम जर हो असेल, तर तो हो म्हणेल, म्हणजे लुम. लुम जर नाही असेल, तर तो नाही म्हणेल..." ते थांबले. जागृतीला शब्द पुरवावासा वाटला, तिने दात आवळून धरले. सरांची बोटं हवेत एक वाटी उचलून बाजूला ठेवल्यासारखी हलली. "...म्हणजे तेही लुमच. खरा माणूस दोन्हीकडून लुमवरच येतो. आणि खोटा दोन्हीकडून टिकवर. तुझा प्रश्न बरोबर आहे. याहून लहान प्रश्न मला माहीत नाही."

त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या एवढ्याशा खोलीत त्यांच्या टाळ्या फार मोठ्या वाटल्या. क्षिप्रा पुढे आली आणि त्यांच्या पाया पडली. गोजराआजीला त्यातलं काही कळलं नव्हतं, पण तीही डोळे पुसत चहा टाकायला गेली.

घरी परतताना सर म्हणाले, "रविवार आता तू घे, जागृती. मी मागे बसेन."

ते मागे बसू लागले. सुरुवातीला ऐकायचे, मधेच हसायचे. मग हसणं कमी झालं. पाऊस संपेपर्यंत त्यांचे शब्दही आटत गेले. शेवटी एकच उरला, "हां." जेवलात का सर? हां. थंडी वाजते का? हां. पंखा लावू? हां. जागृती त्यांच्याशेजारी बसून काहीबाही विचारायची आणि प्रत्येक वेळी तोच शब्द यायचा. बेटावरचे भाऊ निदान दोन शब्द बोलत होते, तिला वाटायचं. एकच शब्द उरलेल्या माणसाला काय विचारायचं, हे तिला सरांनी शिकवलं नव्हतं. ती त्यांचा हात धरून बसायची, आणि चाची चहात बिस्कीट बुडवून त्यांना भरवायची.

दिवाळीच्या सुट्टीत चाचीने गावी जायचं ठरवलं. इथे एकटीने होत नव्हतं. मुलगी परदेशात. म्हसळ्याजवळच्या गावात चाचीच्या भावाचं घर होतं, मोठं अंगण, माणसं भरपूर. रविवारी सकाळी गाडी आली तेव्हा वर्गाची मुलं सगळी खाली उभी होती. क्षिप्राने उशी आणली होती, सरांच्या मानेखाली ठेवायला.

जागृतीने त्यांना मागच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. कित्येक आठवड्यांनी त्यांच्या तोंडून पूर्ण वाक्य आलं.

"तुम्ही कुठल्या?"

"तळवलीची," ती म्हणाली.

"तळवलीची एक मुलगी येते माझ्याकडे," सर म्हणाले. "सातवीत आहे. फार हुशार. तिच्याकडे लक्ष द्यायला पाहिजे."

चाचीने तोंड दुसरीकडे वळवलं. ड्रायव्हर आरशातून बघत होता.

"मी देईन लक्ष," जागृती म्हणाली.

"बरं होईल," सर म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

गाडी गेटमधून बाहेर पडली, भाजीच्या हातगाडीसाठी थांबली, मग रस्त्याला लागली. मुलं तिथेच घोटाळत राहिली. कुणालाच घरी जायचं नव्हतं. मग हॉलच्या सोसायटीचा वॉचमन शोधत आला आणि म्हणाला, हॉलची किल्ली हवी असेल तर आत्ताच घ्या, दुपारी लग्नाची मंडळी येणार आहेत.